नाथसागर ‘व्हास्ट’, बुद्ध ‘कोलॉसल’: एका सहल-पुस्तिकेतला मोठेपणा

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या सहली आखणाऱ्या एका छोट्या कंपनीचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. कंपनीकडे दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक म्हणजे महाराष्ट्रातली कुटुंबं, आणि दुसरे परदेशी पर्यटक. या दुसऱ्या गटात अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये वाढलेली, मराठी समजणारी पण इंग्रजीतूनच वाचणारी मुलंही असतात. दोघांसाठी मिळून एक दुभाषी पुस्तिका काढायची होती. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. त्यात चार ठिकाणं होती: वेरूळचं कैलास लेणं, अजिंठ्याचं २६ क्रमांकाचं लेणं, पैठणचा नाथसागर आणि लोणारचं विवर.

मराठी मजकूर कंपनीच्या एका अनुभवी मार्गदर्शकाने लिहिला. वर्षानुवर्षं लोकांसमोर बोलून त्याची भाषा घोटीव झालेली होती आणि तोंडी सांगताना ती उत्तम चालत होती. इंग्रजी भाषांतर कार्यालयातल्या एका तरुणाने केलं. मालकांनी छपाईपूर्वी दोन्ही बाजू तपासायला एका संपादिकेकडे दिल्या. काम किरकोळ समजलं गेलं होतं, म्हणजे शुद्धलेखन आणि विरामचिन्हं एवढंच.

अडचण

चारही ठिकाणांमधली समान गोष्ट म्हणजे ती मोठी आहेत, आणि मजकूर हेच पुन्हापुन्हा सांगत होता. मराठीत ‘विशाल’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता. मंदिर विशाल, मूर्ती विशाल, जलाशय विशाल, विवरही विशाल. भाषांतरकाराने आधी सगळीकडे ‘ह्यूज’ घातलं होतं. पण एकच शब्द सारखा येतो हे त्यालाही खटकलं, म्हणून त्याने समानार्थी शब्दांची यादी उघडली आणि ओळीने वाटप केलं. बुद्धाच्या मूर्तीला ‘व्हास्ट’, नाथसागराला ‘कोलॉसल’, लोणारला ‘इनॉर्मस’, आणि कैलास लेण्याला ‘व्हेरी इनॉर्मस’. कैलास लेण्याच्या परिच्छेदाचं शीर्षक होतं ‘द इनॉर्मिटी ऑफ कैलास’. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ‘मोठा राजा’ होता, तो इंग्रजीत ‘लार्ज किंग’ झाला होता. म्हणजे इंग्रजी वाचकाला तो अंगाने स्थूल असावा असंच वाटलं असतं.

व्याकरण तपासून यातलं फारसं काही सापडलं नसतं, कारण यातली बहुतेक वाक्यं व्याकरणाने बरोबर होती. दोष होता तो शब्द आणि नाम यांच्या जोडीत. इंग्रजीतले हे शब्द एकाच शिडीच्या चढत्या पायऱ्या आहेत, लार्जपेक्षा ह्यूज मोठं, ह्यूजपेक्षा इनॉर्मस मोठं, आणि सगळ्यात वर कोलॉसल, अशी भाषांतरकाराची समजूत होती. शाळेत समानार्थी शब्द असेच शिकवले जातात. ही समजूत अर्धीच खरी आहे. ‘लार्ज’पेक्षा बाकीचे शब्द जोरकस आहेत हे खरं. पण व्हास्ट, इनॉर्मस आणि कोलॉसल यांच्यातला फरक पायरीचा नाही. *काय* मोठं आहे यावर तो ठरतो: पसारा, प्रमाण की आकृती.

समोर असलेले पर्याय

संपादिकेने मालकांपुढे चार वाटा मांडल्या. पहिली म्हणजे सगळीकडे परत ‘ह्यूज’ करणं. चूक फारशी झाली नसती, पण ‘ह्यूज’ हा बोलीकडे झुकणारा शब्द आहे. गप्पांत, बातमीत, जाहिरातीत तो शोभतो. पुरातत्त्वाच्या माहितीत तो चार वेळा आला की मजकूर सवंग वाटू लागतो.

दुसरी वाट होती यादीतले शब्द तसेच ठेवून फक्त ठळक चुका काढण्याची. हे सर्वांत स्वस्त पडलं असतं, आणि मालकांचा कल आधी याच बाजूला होता.

तिसरी वाट म्हणजे सगळी विशेषणं काढून फक्त मापं देणं. मार्गदर्शकाने याला साफ नकार दिला. “अहो ताई, आकडा ऐकून कुणाचं तोंड उघडं पडत नाही. माणूस आत शिरतो आणि वर बघतो, तेव्हा त्याला शब्द लागतो.” त्याचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. ज्याला मीटरचा अंदाज नाही त्याला ‘३० मीटर’ हा कोरडाच आकडा असतो. ‘दहा मजली इमारतीएवढं’ म्हटलं की तो कळतो.

चौथी वाट म्हणजे प्रत्येक वाक्यात आधी ‘यात वाढलेलं काय आहे’ हे ठरवायचं, मग माप मिळवायचं, आणि माप व विशेषण एकमेकांना साजतात का ते पाहून शब्द निवडायचा. यात वेळ जाणार होता, कारण मापं नव्याने गोळा करून ताडून पाहावी लागणार होती. चौथी वाट निवडली गेली. तिच्यामागचं खरं कारण भाषेचं नव्हतं. मालकांना एका परदेशी सहल-प्रतिनिधीकडे ही पुस्तिका पाठवायची होती आणि तिथे हसं व्हायला नको होतं.

काय केलं: नाथसागर

सर्वांत सोप्या वाक्यापासून सुरुवात झाली. ते होतं ‘कोलॉसल रिझर्व्हॉयर’. नाथसागराचं पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं, लांबी सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे २७ किलोमीटर. म्हणजे वाढलेला आहे तो पसारा. पसाऱ्याला इंग्रजीत ‘व्हास्ट’ लागतं. या शब्दाचं लॅटिन मूळ ‘रिकामं, ओसाड’ अशा अर्थाचं आहे आणि त्याची खूण अजून टिकून आहे. वाळवंट, आकाश, समुद्र, माळरान, जंगल यांना तो सहज लागतो, म्हणजे जिथे नजर पोचते पण कड सापडत नाही तिथे. बंदिस्त, हातात धरता येईल अशा किंवा चहूबाजूंनी फिरून पाहता येईल अशा वस्तूला तो लागत नाही. म्हणून ‘व्हास्ट स्टॅच्यू’ खटकतं आणि ‘व्हास्ट रिझर्व्हॉयर’ चालतं. ‘व्हास्ट मेजॉरिटी’, ‘व्हास्ट सम्स’ असे अमूर्त वापरही आहेत, पण तिथेही पसरलेल्या, मोजदाद न होणाऱ्या राशीचीच कल्पना असते.

मराठी बाजूला मार्गदर्शकाने ‘अथांग’ सुचवलं. इथे संपादिका अडली. थांग म्हणजे तळाचा ठाव. जिथे तळ लागत नाही ते अथांग. समुद्राला तो शब्द लागतो तेव्हा खोली आणि पसारा दोन्ही सुचतात. नाथसागर मात्र उथळ जलाशय आहे, आणि काठाच्या उथळ पाण्यामुळेच तिथे हिवाळ्यात पक्षी येतात. पक्ष्यांचा उल्लेख पुस्तिकेतल्या पुढच्याच वाक्यात होता. ‘अथांग’ पाण्यात चिखल उकरणारे पक्षी कसे, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडलाच असता. म्हणून ‘विस्तीर्ण’ ठरलं.

धरणाच्या भिंतीचं वाक्य वेगळ्या कारणाने अडलं. मूळ मराठीत होतं ‘गगनचुंबी धरण’. जायकवाडीची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आहे आणि उंची जेमतेम ४१ मीटर. हे धरण लांबीत मोठं आहे. कोयनेच्या धरणाची उंची १०३ मीटर आहे, तरी ‘गगनचुंबी’ तिथेही जरा जास्तच होईल. इथे विशेषण पूर्णच काढलं आणि ‘सुमारे १० किलोमीटर लांबीची मातीची भिंत’ एवढंच ठेवलं. हे वाचून माणूस आपसूक थबकतो.

याच वाक्यात भाषेच्या औपचारिकतेचा मुद्दा वर आला. इंग्रजी मजकुरात भाषांतरकाराने ‘लार्ज डॅम’ लिहिलं होतं आणि संपादिकेला ते आधी फिकं वाटलं. मग लक्षात आलं की धरणांच्या क्षेत्रात ही ठरलेली संज्ञा आहे. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येप्रमाणे पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत १५ मीटर वा अधिक उंचीचं धरण ‘लार्ज’. त्याहून कमी, ५ ते १५ मीटर उंचीचं असलं तरी त्यामागे ३० लाख घनमीटरांहून जास्त पाणी अडत असेल तर तेही ‘लार्ज’. आपल्याकडे पाटबंधारे प्रकल्पांचं वर्गीकरणही असंच आहे. लागवडीयोग्य लाभक्षेत्र १०,००० हेक्टरांहून जास्त तर ‘मोठा’ प्रकल्प, २,००० ते १०,००० हेक्टर असेल तर ‘मध्यम’, आणि त्याखाली ‘लघु’. सरकारी कागदावर जायकवाडी ‘मोठा प्रकल्प’ आहे. तो ‘प्रचंड’ किंवा ‘अतिभव्य’ प्रकल्प लिहिला तर ती फाइल परत येईल.

पुष्कळ लोकांचा समज असतो की शब्द जितका दुर्मिळ आणि वजनदार तितका तो औपचारिक. मोठेपणाच्या शब्दांत ते उलटं आहे. सर्वांत औपचारिक लेखनात, म्हणजे नियम, मोजमाप, अहवाल, शास्त्रीय निबंध यांत, सर्वांत साधा शब्द चालतो. इंग्रजीत ‘लार्ज’, मराठीत ‘मोठा’. ‘बिग’ त्याच अर्थाचा पण बोलीतला. ‘लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स’ अहवालात येतं, ‘बिग नंबर ऑफ स्टुडंट्स’ कानाला खटकतं. उलट चूक मात्र ‘बिग मिस्टेक’च असते, ‘लार्ज मिस्टेक’ कुणी म्हणत नाही. कोलॉसल, जायगँटिक, प्रचंड, अवाढव्य हे शब्द वक्त्याचे, बातमीदाराचे आणि जाहिरातीचे. ते वाचकाला *वाटायला* लावतात, आणि काय वाटावं हे सांगणं तांत्रिक मजकुराचं काम नाही. अपवाद आहे, आणि तो अजिंठ्याच्या पानावर सापडला.

काय केलं: अजिंठ्याचा बुद्ध

लेणं क्रमांक २६ मध्ये डाव्या भिंतीलगत महापरिनिर्वाणाचा प्रसंग कोरला आहे. आडवी बुद्धमूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे. खाली शोक करणारे अनुयायी, वर आकाशातले दिव्यजन. ‘व्हास्ट स्टॅच्यू’ इथून काढायचं हे उघड होतं. प्रश्न होता की त्याजागी काय घालायचं.

संपादिकेने ‘कोलॉसल’ सुचवलं आणि मालकांनी हरकत घेतली. नाथसागरावरून जो शब्द अतिशयोक्त म्हणून काढला, तोच सात मीटरच्या मूर्तीला कसा चालेल? ३५० चौरस किलोमीटर कुठे आणि ७ मीटर कुठे! ही हरकत रास्त वाटते, पण तिच्यामागे परत शिडीचीच समजूत आहे. ‘कोलॉसल’ ग्रीक ‘कोलोसॉस’वरून येतो आणि तो शब्द मुळात पुतळ्याचा आहे. ऱ्होड्स बेटावरचा सुमारे ३३ मीटरांचा सूर्यदेवाचा पुतळा त्याच नावाने प्रसिद्ध झाला. कलेतिहासात आजही ‘कोलॉसल’ हे शिल्पाच्या आकाराचं वर्णन म्हणून वापरतात. साधारण मानवी आकाराच्या दुप्पट वा त्याहून मोठी मूर्ती म्हणजे कोलॉसल. मानवी आकाराहून थोडी मोठी असेल तर तिला वेगळी संज्ञा आहे. सात मीटर लांबीची मानवाकृती माणसाच्या चौपट होते. तेव्हा इथे ‘कोलॉसल’ अगदी मोजूनमापून बसतो, त्यात भडकपणा नाही. आकृती आहे, तिला मानवी देहाशी ताडून पाहता येतं आणि ताडताना आपण लहान होतो, हेच या शब्दाचं क्षेत्र आहे. जलाशयाला अशी आकृती नसते.

याच शब्दाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल भाषांतरकाराला सावध करावं लागलं. अमूर्त नामाबरोबर ‘कोलॉसल’ बऱ्याचदा वाईटाकडे झुकतो: कोलॉसल वेस्ट, कोलॉसल ब्लंडर, कोलॉसल फेल्युअर. पुस्तिकेत त्याने पुढे ‘कोलॉसल एफर्ट ऑफ द मंक्स’ लिहिलं होतं. चूक नाही, पण कोपऱ्यात उपहासाची सावली पडते. तिथे ‘इमेन्स’ केलं. श्रम, दु:ख, धीर, मदत अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘इमेन्स’ चांगला लागतो, आणि त्याचा मूळ अर्थही ‘न मोजलेलं’ असाच आहे.

मराठी बाजूला याच मूर्तीने सर्वांत जास्त वेळ घेतला. ‘विशाल’ काढायचं तर काय ठेवायचं? ‘प्रचंड’ मध्ये ‘चंड’ आहे. पाऊस, गर्दी, स्फोट, संताप यांना तो साजतो, कारण त्यात जोर आणि आवेग आहे. शांतपणे डोळे मिटलेल्या बुद्धाला ‘प्रचंड’ म्हणणं म्हणजे त्या शिल्पाचा भावच मोडणं. ‘अवाढव्य’ आकाराने बसेल, पण त्यात बेढबपणा येतो. न आवरणारं, जागेत न मावणारं ते अवाढव्य. ‘महाकाय’ गणपतीच्या स्तोत्रामुळे देवाला चालतो खरा, तरी गद्यात तो आता हत्ती, राक्षस, डायनोसॉर आणि खाणीतल्या यंत्रांचा झाला आहे. ‘भव्य’ मध्ये आकाराबरोबर आदर येतो. शेवटी ‘भव्य शयनमूर्ती, लांबी सुमारे ७ मीटर’ असं ठरलं. इंग्रजी ‘कोलॉसल’ आणि मराठी ‘भव्य’ हे शब्दकोशात एकमेकांसमोर येणार नाहीत, आणि ते आलेच पाहिजेत असा हट्ट संपादिकेने धरला नाही. दोन्ही पानांनी आपापल्या वाचकाला एकच चित्र दिलं म्हणजे पुरे.

काय केलं: कैलास लेणं

इथे शीर्षकाचीच अडचण होती. ‘इनॉर्मिटी’ हे ‘इनॉर्मस’चं भाववाचक नाम दिसतं, पण जपून लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत त्याचा अर्थ घोर दुष्कृत्य असा होतो. एखाद्या हत्याकांडाची ‘इनॉर्मिटी’ असते. आकाराच्या अर्थानेही हा शब्द सर्रास वापरला जातो आणि काही शब्दकोश तो नोंदवतात, तरी शीर्षकात वाचक अडखळेल अशी जागा ठेवण्यात शहाणपण नव्हतं. ‘द स्केल ऑफ कैलास’ हे साधं शीर्षक आलं.

‘व्हेरी इनॉर्मस’ मधला ‘व्हेरी’ का काढायचा हे भाषांतरकाराला पटवावं लागलं. ‘लार्ज’ हे चढ-उतार होणारं विशेषण आहे: लार्ज, लार्जर, लार्जेस्ट, व्हेरी लार्ज. ‘इनॉर्मस’, ‘कोलॉसल’, ‘ह्यूज’ यांच्यात ‘खूप’ आधीच भरलेलं आहे. त्यांना जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’सारखा शब्द लागतो. म्हणून जिथे तुलना आहे तिथे, म्हणजे ‘यापेक्षा मोठं’, ‘सर्वांत मोठं’, ‘दुसऱ्या क्रमांकाचं’ अशा वाक्यांत, नेहमी ‘लार्ज’कडे परतावं लागतं. मराठीतही ‘फार विशाल’ ओढूनताणून वाटतं आणि ‘फार अवाढव्य’ तर कुणी म्हणणारच नाही. ‘प्रचंड’ची गोष्ट मात्र गमतीची आहे. बोलीत तो स्वत:च ‘फार’ची जागा घेऊन बसला आहे: प्रचंड मोठा, प्रचंड महाग, प्रचंड आवडलं. त्यामुळे ‘प्रचंड मंदिर’ वाचताना तरुण वाचक पुढच्या विशेषणाची वाट बघतो. हा बोलीचा वापर वाईट नाही, पण माहितीच्या मजकुरात तो टाळला.

मग वाढलेलं काय आहे? कैलास लेणं बांधलेलं नाही, कातळातून वरून खाली खोदून काढलेलं आहे. मंदिराच्या आकारापेक्षा काढून टाकलेल्या दगडाचं प्रमाण जास्त थक्क करणारं. ‘इनॉर्मस’चा लॅटिन घटक ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा किंवा गवंड्याचा गुण्या. त्या मापाबाहेर गेलेलं ते इनॉर्मस. प्रमाण, खर्च, श्रम, राशी यांना तो चांगला लागतो. म्हणून ‘अ‍ॅन इनॉर्मस क्वांटिटी ऑफ रॉक’ ठरलं आणि मंदिराला स्वत:ला विशेषणाऐवजी ‘एकसंध कातळातून कोरलेलं’ एवढंच ठेवलं.

मार्गदर्शक तोंडी सांगताना ‘दोन लाख टन दगड काढला’ असं सांगत असे. हा आकडा अनेक ठिकाणी छापलेला आढळतो. तो तसाच घ्यावा की नाही यावर ताळा घातला. खोदलेलं आवार सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद. मागच्या बाजूला कडा सुमारे ३० मीटर. हा पूर्ण ठोकळा धरला तर ८२ × ४६ × ३० म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार घनमीटर. बेसॉल्टचं वजन घनमीटरला पावणेतीन ते तीन टनांच्या आसपास, म्हणजे सारा ठोकळा सव्वातीन लाख टनांच्या घरात. पण डोंगर उतरता असल्याने पुढच्या बाजूला खोली कमी आहे, आणि मंदिराचा दगड तर जागेवरच उभा आहे. तेव्हा दोन लाख टन हे शक्यतेच्या कक्षेत बसतं, मात्र ते मोजमाप नव्हे. मजकुरात ‘अंदाजे दोन लाख टन, असं मानलं जातं’ असं गेलं. ताळा घातल्याचा दुसरा फायदा असा झाला की ‘इनॉर्मस’ शोभतो की नाही याची शंका उरली नाही.

‘मोठा राजा’ चा निकाल चटकन लागला: ‘ग्रेट’. आपल्या ‘मोठा’त वय, मान, पैसा, आकार सगळं मावतं. मोठा भाऊ, मोठी असामी, मोठ्या घरची सून. इंग्रजीत यांची वाटणी एल्डर, ग्रेट, रिच, बिग अशी होते, आणि माणसाला ‘लार्ज’ म्हटलं तर तो फक्त अंगाने.

काय केलं: लोणार

लोणारच्या पानावर ‘जगातील तिसऱ्या क्रमांकाचं विशाल विवर’ असं होतं. अशी वाक्यं लोणारबद्दल वरचेवर वाचायला मिळतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं आहे. अशनीआघाताच्या विवरांत लोणार आकाराने लहानांतच मोडतं. म्हणजे ‘इनॉर्मस’ हे विशेषण इथे शब्दाच्या निवडीने नव्हे, वस्तुस्थितीनेच चुकलं होतं. काठावर उभ्या माणसाला ते खड्ड्याच्या मानाने अफाट वाटतं, पण विवर म्हणून नाही. मोठेपणाचं विशेषण लावताना ‘कशाच्या मानाने’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि मार्गदर्शक व वाचक त्याचं वेगवेगळं उत्तर धरून चालले की गोंधळ होतो.

लोणारचं वैशिष्ट्य दुसरीकडे आहे. बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी सापडतात आणि लोणार त्यांपैकी चांगलं टिकलेलं. म्हणून आकाराचं विशेषण व क्रमांक दोन्ही गेले, व्यास राहिला आणि खडकाचं कारण पुढे आलं. मार्गदर्शक यावर नाराज झाला. पाहुण्यांना ‘तिसरा क्रमांक’ ऐकायला आवडतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

ज्याला खरोखर ‘व्हास्ट’ म्हणता येईल ते विवराखाली होतं. दख्खनचा बेसॉल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. नाथसागर, लोणार, वेरूळ, अजिंठा ही चारही ठिकाणं त्याच खडकावर किंवा त्याच खडकात आहेत. हे वाक्य प्रस्तावनेत घेतलं, आणि चार सुट्या ‘विशाल’ गोष्टींऐवजी पुस्तिकेला एक धागा मिळाला. हा लाभ कुणी ठरवून साधला नव्हता.

निकाल

पुस्तिका ठरल्यापेक्षा उशिरा छापली गेली. इंग्रजी बाजू स्वच्छ झाली. प्रत्येक पानावर जोरकस विशेषण एखाददुसरंच उरलं, त्यामुळे ‘कोलॉसल’ आणि ‘व्हास्ट’ जिथे आले तिथे ते जाणवू लागले. मराठी बाजू मात्र पहिल्या फेरीत कोरडी पडली. छाटणी जास्त झाली होती. कैलास लेण्याच्या मराठी पानावर मार्गदर्शकाची तोंडी शैली थोडी परत आणावी लागली. ‘भलंमोठं आवार’ हे संपादिकेने खोडलेलं होतं, ते मालकांच्या आग्रहाने परत आलं आणि शोभलंही. ‘भलामोठा’ बोलका शब्द आहे, पण बोबडा नाही.

मुखपृष्ठावर संपादिकेचं चाललं नाही. मालकांना ‘विराट मराठवाडा’ हवं होतं. ‘विराट’ हा शब्द सभा, मोर्चा आणि विश्वरूपदर्शन यांच्याशी जोडला गेलेला आहे. चित्रासोबत तो चुकत नाही, पण राजकीय पोस्टरचा वास येतो. तो तसाच छापला गेला.

पुन्हा करायचं झाल्यास

मापं शेवटी नव्हे, सुरुवातीलाच गोळा करायला हवी होती. लोणारचा व्यास आधी कागदावर असता तर ‘इनॉर्मस’ लिहिलंच गेलं नसतं आणि मार्गदर्शकाशी वादही टळला असता. दुसरं, मराठीवरून इंग्रजी करण्याऐवजी त्याच टिपणांवरून दोन्ही मजकूर स्वतंत्र लिहिले असते तर बरं. एका ‘विशाल’समोर एक इंग्रजी शब्द शोधण्याच्या खटाटोपातच निम्म्या चुका जन्मल्या होत्या.

तिसरी गोष्ट काम संपल्यावर लक्षात आली. संपादिकेने कार्यालयासाठी शब्दांचा एक तक्ता करून दिला होता: शब्द, अर्थ, जोर, औपचारिकता. पुढच्याच पत्रकात ‘व्हास्ट पार्किंग अव्हेलेबल’ असं छापून आलं. तक्त्यात ‘व्हास्ट’समोर ‘पसारा’ लिहिलं होतं, आणि पार्किंगला पसारा असतोच की! तिथे हवा होता ‘अँपल’, मराठीत ‘प्रशस्त’ किंवा ‘ऐसपैस’, म्हणजे गरजेपुरतं होऊन वर उरेल असं. मोठेपणातही सोयीचा मोठेपणा हा वेगळा प्रकार आहे आणि तक्त्यात तो नव्हताच. तक्ता बदलला, आणि अर्थाच्या रकान्याऐवजी प्रत्येक शब्दासमोर चालणारी चार नामं आणि न चालणारी दोन नामं लिहिली. व्हास्टसमोर वाळवंट, समुद्र, रक्कम, बहुमत चालतात; मूर्ती आणि खोली चालत नाहीत. त्यानंतर भाषांतरकाराला विचारायला यावं लागणं कमी झालं.

एक प्रश्न मात्र पुढच्या आवृत्तीसाठी शिल्लक आहे. नाथसागर मे महिन्यात आणि दुष्काळी वर्षांत इतका आटतो की मैलोन् मैल भेगाळलेली गाळजमीन दिसते. उन्हाळ्यात आलेल्या एका पाहुण्याने पुस्तिकेतल्या ‘व्हास्ट’वर बोट ठेवून पाणी कुठे आहे असं विचारलं. सध्याच्या प्रतींवर ३५० चौरस किलोमीटरच्या आकड्याआधी ‘पूर्ण भरल्यावर’ अशी पट्टी चिकटवून देतात.